पडद्याचं कापड खिडकीत लावून, फोटो काढून कसं निवडावं

दुकानात कापड हातात घेऊन बघतो तेव्हा उजेड त्याच्यावर पुढून पडत असतो. घरी तेच कापड खिडकीत जातं आणि दिवसभर उजेड त्याच्या पाठीमागून येतो. एवढ्या एका फरकानं रंग, जाडी, वीण सगळंच वेगळं दिसायला लागतं. मी पडदे शिवून देते. पडदे लावून झाल्यावर "दुकानात हे असं नव्हतं हो दिसत" हे इतक्या घरांत ऐकलंय, की आता शिवायला घेण्याआधी मी प्रत्येकाला नमुने स्वतःच्या खिडकीत टांगून त्यांचे फोटो काढायला सांगते.

फोटो कशाला, नुसतं डोळ्यांनी का नाही बघायचं? कारण एक कापड उतरवून दुसरं चढवेपर्यंत पहिल्याचा उजेड डोळा विसरतो. तो पटकन रुळतो, आणि खोली अंधारी झाली तरी दोन मिनिटांत ती त्याला बरी वाटायला लागते. फोटो शेजारी शेजारी ठेवता येतात. फक्त ते एकाच मापानं काढलेले हवेत, आणि नवशिक्यांची गाडी नेमकी तिथेच अडते.

सगळ्या पायऱ्या मी एकाच घराच्या आधारानं सांगते. डोंबिवलीतलं घर, तिसरा मजला. हॉलची खिडकी पश्चिमेला, सहा फूट रुंद आणि साडेचार फूट उंच. समोर रस्ता, आणि पलीकडे चाळीसेक फुटांवर तेवढ्याच उंचीची इमारत. भिंतींना फिकट पिस्ता रंग. त्या घरच्या वहिनींनी चार कापडं निवडली होती: पांढरट, झिरझिरीत शीअर, कोऱ्या रंगाचं हातमागाचं सुती, मोहरी रंगाचं जाड कॉटन आणि बहुतेक उजेड अडवणारं राखाडी डिम-आउट.

नमुना केवढा हवा आणि टांगायचा कसा

कॅटलॉगमधला वीतभर तुकडा काचेला चिकटवून फोटो काढू नका. त्यातून निघणारं उत्तर चुकीचंच असतं, कारण पडदा सपाट राहत नाही, त्याला चुण्या पडतात. साधारणपणे दांडीच्या लांबीच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे बऱ्याच जागी कापडाचे दोन-तीन थर एकामागे एक येतात. सपाट तुकड्यातून आरपार दिसणारं कापड चुण्यांमध्ये बऱ्यापैकी बंद होतं आणि सपाट असताना फिका दिसणारा रंग चुणीच्या घडीत गडद होतो.

म्हणून पूर्ण पन्ह्याचं निदान एक मीटर कापड घ्या. पडद्याच्या कापडाचा पन्हा सहसा ४८ किंवा ५४ इंच असतो. ४८ इंच पन्ह्याचा तुकडा दांडीवर २४ इंचांत गोळा केला की खऱ्या पडद्यासारख्या चुण्या पडतात. चिमट्यांच्या रिंगा नसतील तर कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात. ओळखीचा दुकानदार एका दिवसासाठी तुकडे देतो. नाही दिले, तर चार मीटरचे पैसे गेलेले परवडतात, वीस मीटरचे नाही. उरलेल्याचे उशांचे अभ्रे होतात.

तुकडा पडद्याच्या दांडीवरच टांगा, आणि एका बाजूला ढकलून टांगा, म्हणजे कडेची भिंतही फोटोत येईल. खिडकीचा उघडा राहिलेला भाग जुन्या जाड चादरीनं झाका. हे विसरू नका. शेजारून उघडा उजेड आला तर कॅमेरा त्याच्या मागे लागतो, आणि खोलीतला उजेडही कापडातून आलेला राहत नाही. पडद्याला अस्तर लावायचं ठरलं असेल तर नमुन्यामागेही अस्तराचा तुकडा लावूनच बघा.

फोनला स्वतःच्या मनानं काही करू देऊ नका

फोनचा कॅमेरा दर फोटोत दोन गोष्टी आपणहून दुरुस्त करतो. अंधार असला की फोटो उजळ करतो आणि उजेडात पिवळी किंवा निळी झाक असली की ती काढून टाकतो. एरवी हे सोयीचं असतं. पण जाड कापडानं खोली किती अंधारते आणि रंगीत कापडामुळे भिंतीवर कसली झाक पडते, हेच तर आपल्याला बघायचं आहे. फोन नेमक्या त्याच दोन गोष्टी पुसून टाकतो. वहिनींनी पहिल्या दिवशी पाठवलेल्या चारही फोटोंत खोली सारखीच उजळ होती आणि भिंत सारखीच पिस्ता. ते फोटो काहीही सांगत नव्हते.

यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्याचा Pro मोड, जिथे हे आकडे आपण हातानं ठरवतो. आधी HDR, फिल्टर आणि फोटो आपोआप सुधारणाऱ्या सोयी बंद करा. मग ISO, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, १०० वर ठेवा. WB, म्हणजे व्हाइट बॅलन्स, ऑटोवरून काढून ५५०० च्या आसपास पक्का करा. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही, सगळ्या फोटोंत तोच राहिला म्हणजे झालं. शटरचा वेग पहिल्या कापडाच्या वेळी खोली डोळ्यांना दिसते तशी फोटोत दिसेपर्यंत बदला आणि मग त्या वेळच्या चारही कापडांना तोच ठेवा. आयफोनच्या साध्या कॅमेऱ्यात Pro मोड नाही. तिथे भिंतीवर बोट दाबून धरलं की वर AE/AF LOCK असं येतं. त्यानं उजेड बांधला जातो, पण फोन हलवून दुसरीकडे बोट लावलं की सुटतो. म्हणून कापड बदलताना फोन जागेवरच राहू द्या. रंगाची झाक पक्की करायची असेल तर मात्र Pro मोड देणारं एखादं कॅमेरा ॲप घ्यावं लागतं.

फोन स्टुलावर पुस्तकांना टेकवून ठेवा आणि स्टुलाच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टीनं खुणा करा, कारण दुपारचे आणि रात्रीचे फोटो त्याच जागेवरून काढायचे आहेत. चौकटीत तीन गोष्टी हव्यात: कापड, त्याच्या शेजारची दीड-दोन फूट भिंत, आणि भिंतीवर चिकटवलेला एक कोरा पांढरा ए-फोर कागद. हा कागद पुढे फार कामाला येणार आहे.

एक अडचण इथे येतेच. डोळ्याला उजळ खिडकी आणि सावलीतली भिंत एकाच वेळी नीट दिसते, कॅमेऱ्याला ते जमत नाही. भिंत नीट आली तर पडदा पांढराफटक होतो, पडदा नीट आला तर भिंत काळवंडते. म्हणून शटर बदलून प्रत्येक कापडाचे दोन फोटो काढा, एक भिंतीच्या मापानं आणि एक पडद्याच्या मापानं, आणि दोन्ही मापं चारही कापडांना तीच ठेवा. भिंतीचा फोटो रंगासाठी, पडद्याचा फोटो वीण आणि आरपार किती दिसतं ते बघण्यासाठी.

उजेड किती अडतो ते मोजणं

ढगाळ नसलेल्या दिवशी, खिडकीवर थेट ऊन नसताना हे करा. पश्चिमेच्या खिडकीला सकाळी अकराची वेळ बरी. खोलीतले दिवे बंद. या एका पायरीपुरता शटर ऑटोवर जाऊ द्या, ISO मात्र १०० च. फोन कापडाच्या इतका जवळ न्या की चौकटीत फक्त कापड येईल, आणि फोटो काढा. गॅलरीत त्या फोटोच्या माहितीत शटरचा आकडा दिसतो. कापड जितका कमी उजेड सोडतं तितकं शटर जास्त वेळ उघडं राहतं. मोजायचं ते एवढंच.

वहिनींच्या खिडकीत उघड्या काचेला आकडा आला १/१००० सेकंद. शीअर लावल्यावर १/५००, म्हणजे निम्मा उजेड आत येतो. कोऱ्या सुतीला १/१२५, म्हणजे आठवा हिस्सा. मोहरी कॉटनला १/६०, सोळावा हिस्सा म्हणायला हरकत नाही. डिम-आउटला १/८, शंभरातला जेमतेम एक हिस्सा.

हे आकडे प्रयोगशाळेचे नाहीत, पण कापडाचा क्रम आणि अंतर ते बरोबर दाखवतात. आठवा हिस्सा ऐकायला फार कमी वाटतो, पण तसं नाही. डोळ्याला उजेडाचा फरक अशा सरळ हिशेबानं जाणवत नाही. भर दिवसा आठव्या हिश्श्यात खिडकीजवळ बसून आरामात पेपर वाचता येतो. डिम-आउटच्या एका हिश्श्यात मात्र दुपारीही दिवा लावावा लागतो, आणि हॉलसाठी हे वहिनींना नको होतं.

चारही कापडं झाली की पहिलं कापड पुन्हा चढवा आणि त्याचा फोटो पुन्हा काढा. आकडा आधीसारखाच आला तर मधल्या वेळात आभाळाचा उजेड बदललेला नाही आणि तुमची तुलना खरी आहे. वेगळा आला तर एखादा ढग येऊन गेलाय, सगळं परत करा. कंटाळा येतो, पण या एका फोटोशिवाय बाकीच्यांवर मी विश्वास ठेवत नाही. वहिनींचं पहिल्या वेळी असंच झालं. शीअरचा दुसरा फोटो १/२५० चा आला आणि सगळे नमुने पुन्हा टांगावे लागले.

भिंतीशी रंग जुळतो का

आता भिंतीच्या मापाचे फोटो काढायचे, तीन वेळा: सकाळी, खिडकीवर थेट ऊन असताना, आणि रात्री दिवे लावून. पश्चिमेच्या खिडकीला मधली वेळ साडेचारच्या सुमाराची. पूर्वेची असेल तर ही वेळ सकाळी आठची.

फोटो बघताना लोक कापड आणि भिंत यांच्यावरून नजर फिरवतात आणि "छान दिसतंय" म्हणतात. तसं करू नका. पहिल्यांदा फक्त पांढरा कागद बघा. WB पक्का असल्यामुळे कागदावर जी झाक दिसेल ती कापडातून गाळून आलेल्या उजेडाची आहे. तीच झाक भिंतीवरही पडते, पण रंगीत भिंतीवर ती ओळखू येत नाही, कागदावर लगेच कळते.

साडेचारच्या फोटोंत फरक उघड दिसला. कोऱ्या सुतीनं कागद सायीच्या रंगाचा झाला, भिंत पिस्ताच राहिली, थोडी उबदार झाली एवढंच. मोहरी कॉटननं कागद चक्क नारिंगी-पिवळा केला. आणि पिस्ता भिंत? ती मळकट शेवाळी दिसायला लागली. दुकानात शेड कार्डाशेजारी ठेवल्यावर मोहरी आणि पिस्ता हे दोन रंग सुंदर दिसत होते, आणि सकाळच्या फोटोतही वाईट नव्हते. पण मावळतीचं ऊन मुळातच पिवळट, त्यात ते मोहरी कापडातून गाळून आलं, तेव्हा फिक्या हिरव्याचा हिरवेपणाच गेला. ज्या खिडकीवर थेट ऊन येतं तिथे भडक रंगाचं, उजेड आत सोडणारं कापड म्हणजे सगळ्या खोलीला त्या रंगाची काच लावणं आहे. अशा वेळी पांढरं अस्तर लावून भागेल का, असं वहिनींनी विचारलं. अस्तरानं येणारा उजेड कमी होतो, पण जो येतो तो मोहरीतूनच येतो, त्यामुळे झाक राहतेच. ती घालवायची तर उजेड पुरता अडवणारंच अस्तर हवं.

राखाडीची गंमत वेगळी. त्याच्यातून उजेड जवळजवळ येत नसल्यामुळे कागद पांढराच राहिला, तरी फोटोत ते कापड किंचित गुलाबी दिसत होतं. वहिनींना वाटलं फोनची चूक. फोटोतली भिंत दोन्ही हातांच्या बोटांनी झाकून फक्त कापड बघायला सांगितलं, तर ते परत नुसतं राखाडी. हिरव्याच्या शेजारी कोरा राखाडी ठेवला की डोळ्याला तो गुलाबीकडे झुकलेला भासतो. ही फोनची चूक नाही आणि कापडाचीही नाही, भिंत तशीच राहणार असेल तर पडदाही तसाच दिसणार. ज्यांना ते आवडत नाही त्यांनी किंचित हिरवट झाक असलेला राखाडी घ्यावा.

रात्री चित्र उलटतं. आता उजेड पुढून, घरातल्या दिव्याचा. दिवसा उजळ दिसणारं कोरं सुती रात्री चांगलं दोन छटा गडद, भाकरीच्या रंगाकडे गेलेलं दिसलं, तर मोहरी पहिल्यांदाच दुकानातल्यासारखं देखणं दिसलं. म्हणूनच फक्त रात्री फोटो काढून ठरवणारे फसतात. रात्रीचे फोटो तुमच्याच दिव्यांत काढा. पिवळसर एलईडी आणि पांढरी ट्यूब यांत एकच कापड वेगळं दिसतं, आणि दिवसा जुळणारे दोन रंग दिव्यात विजोड होऊ शकतात. दिवे पुढे बदलणार असाल तर बल्ब आधी बदला, कापड नंतर निवडा.

बाहेरून किती दिसतं

"दिवसा तर काहीच दिसत नाही बाहेरून" असं म्हणून शीअर घेणारे रात्री चकित होतात. जिकडे उजेड जास्त त्या बाजूचं दुसऱ्याला दिसतं. दिवसा बाहेर उजेड जास्त, म्हणून बाहेरच्याला फक्त उजळलेलं कापड दिसतं. दिवा लावला की हे उलटतं. त्यामुळे आडोशाची परीक्षा रात्रीच, बाहेरून घ्यायची.

रस्त्यावर उभं राहून वर बघू नका. तिथून तिसऱ्या मजल्याचं फक्त छत दिसतं. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातून बघा, तिथल्या लोकांना आधी सांगून, आणि चौकटीत दुसऱ्या कुणाची खिडकी येणार नाही असं बघून. फोनचा Night मोड बंद ठेवा, कारण तो डोळ्यांपेक्षा जास्त दाखवतो. आधी डोळ्यांनी काय दिसलं ते कागदावर लिहा, मग फोटो तसाच दिसेपर्यंत उजेड कमी करून काढा. घरातलं कुणीतरी आधी पडद्यापासून फूटभर अंतरावर आणि मग सहा फुटांवर उभं राहू दे. दोन्ही वेळा हात वर करायला सांगा.

वहिनींचा मुलगा आत उभा राहिला, आम्ही दोघी समोरच्या जिन्यात. शीअरमधून त्याच्या टी-शर्टवरची पट्टीसुद्धा दिसत होती. कोऱ्या सुतीतून चेहरा, कपडे काही कळत नव्हतं, पण तो फूटभर अंतरावर आला की हात वर केलेली सावली स्पष्ट उमटत होती. सहा फुटांवर गेला की नुसता धूसर डाग. मोहरीत जवळची सावलीही पुसट. डिम-आउटमध्ये काहीच नाही, फक्त पडद्याच्या डाव्या कडेला उजेडाची उभी रेघ, आणि त्या फटीतून सोफ्याचा कोपरा. ही फट कापडाची नसते, दांडीची असते. दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे नेली की ती बंद होते.

सावलीचा आणखी एक भाग दिव्याच्या जागेत असतो. ट्यूब खिडकीसमोरच्या भिंतीवर असेल तर माणूस ट्यूब आणि पडदा यांच्या मध्ये येतो आणि सावली पडद्यावर पडते. वहिनींकडे तसंच होतं. ती ट्यूब बंद करून खिडकीच्याच भिंतीवरचा दिवा लावला आणि त्याच कोऱ्या सुतीचा फोटो पुन्हा काढला, तर सावली जवळजवळ गेली.

फोटो शेजारी ठेवून बघताना

फोनचा रात्रीचा पिवळा पडदा, म्हणजे आय कम्फर्ट किंवा Night Shift, बंद करा आणि स्क्रीनचा उजेड मध्यावर पक्का ठेवा. चारही फोटो एकाच कोलाजमध्ये घ्या, पण एका वेळी एकाच वेळेचे. सकाळचं मोहरी आणि रात्रीचं सुती अशी तुलना होत नाही. फोटो नाव देऊन साठवा, 'सुती-दुपार', 'सुती-रात्र' असं. चार कापडं, तीन वेळा आणि बाहेरचे, सगळे मिळून तीसेक फोटो होतात आणि दुसऱ्या दिवशी कुठला कुठला ते आठवत नाही. कुणाला पाठवायचे असतील तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वीण दाबली जाऊन सुती आणि पॉलिएस्टर सारखेच दिसतात.

फोटोतून कापडाचा झोल कळत नाही, धुतल्यावर आटेल का ते कळत नाही, उन्हानं रंग उडेल का तेही नाही. त्यासाठी मूठभर कापड चुरगळून सोडा, आणि एक तुकडा मापून धुऊन वाळवून पुन्हा मापा. कोऱ्या सुतीचा वीस इंचांचा तुकडा धुतल्यावर एकोणीस भरला होता.

शेवटी वहिनींनी कोरं सुतीच घेतलं, मागे पातळ पांढरं अस्तर लावून. अस्तरासह एकदा रात्री आणि एकदा साडेचारला पुन्हा फोटो काढले. दुपारी खोली थोडी जास्त सावळी झाली, पण दिवा लावावा लागला नाही. रात्री फूटभरावरची सावली, ट्यूब चालू असतानाही, मऊ पडली. दांडी सात फुटांची केली, म्हणून दुप्पट चुण्यांना चौदा फूट रुंदी लागली, ४८ इंची पन्ह्याचे साडेतीन पट्टे, म्हणजे चारच घ्यायचे. पडदा जमिनीपर्यंत साडेसात फूट, वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून एक फूट, असे साडेआठ फुटांचे चार पट्टे म्हणजे चौतीस फूट, साधारण साडेदहा मीटर. विसाला एक आटतं हे धरून अकरा मीटर आणलं, आणि कात्री लावायच्या आधी सगळं धुऊन गच्चीवर वाळवलं.